वॉर्डरोबचे कप्पे १२ एमएमऐवजी १८ एमएम: कोटेशन का वाढलं आणि वापरात काय दिसलं

आमचा वॉर्डरोब सहा फूट रुंद, सात फूट उंच आणि दोन फूट खोल आहे. आत तीन-तीन फुटांचे दोन भाग, समोर चार शटर. गेल्या दिवाळीआधी बसवला. एक अख्खा पावसाळा त्यावरून गेला, म्हणून आता लिहिते.

पहिलं कोटेशन ६१,५०० चं होतं. बाजूच्या फळ्या आणि शटर १८ एमएम प्लायची, मधली उभी फळी आणि पाच कप्पे १२ एमएमचे. आम्हीच "जरा कमीत बसवा" म्हटलं होतं. पुढे उजवीकडच्या कप्प्यांत कपड्यांऐवजी पुस्तकं आणि ह्यांच्या फायली ठेवायचं ठरलं. ते मिस्त्रींना कळवलं, तर चार दिवसांनी ६३,८०० चं नवं कोटेशन आलं, सोबत वहीच्या पानावर चिठ्ठी. ती मी जपून ठेवली आहे:

"नमस्कार ताई. २,३०० रुपये का वाढले ते लिहितो. तीन फुटी कप्प्यावर पुस्तकं ठेवली तर १२ ची फळी वर्षभरात मधे झोल खाणार. मधल्या उभ्या फळीवर दोन्ही बाजूंनी शटर लागणार आहेत. बिजागरीचा स्क्रू १६ एमएमचा असतो, तो १२ च्या फळीतून पलीकडे टोक काढतो. आखूड स्क्रू मारला तर काही दिवसांत ढिला पडतो. म्हणून उभी फळी आणि कप्पे १८ चे धरले. त्याला दोन शीट लागतात. १२ च्याही दोनच लागत होत्या, म्हणजे शीट वाढल्या नाहीत, फक्त भाव वाढला. ६४ चौरस फूट, फुटामागे ३० रुपये फरक, १,९२० झाले. कडेची पट्टी रुंद लागेल, तिचे ३८०. मजुरी समोरच्या ४२ फुटांवर धरली आहे, ती तीच. शटरला हात लावलेला नाही. नको असेल तर पुस्तकांच्या कप्प्याला मधे टेकू देतो, पण मग मोठी फाइल आडवी बसणार नाही."

दोन शीटचा हिशेब मी कागदावर ताडून पाहिला. आठ बाय चारची शीट उभी चिरली की दोन फुटांच्या दोन लांब पट्ट्या. एकीतून उभी फळी, दुसरीतून दोन कप्पे. उरलेले तीन कप्पे दुसऱ्या शीटमधून. बरोबर निघालं. सरसकट "प्लायचे भाव वाढलेत" असं सांगून पाच हजार वाढवणारेही भेटले होते, त्यामुळे ही चिठ्ठी वाचूनच मी हो म्हटलं.

आता वापराचं. पुस्तकांचा कप्पा गच्च भरलेला आहे. त्याच्या खालून दोरा ताणून धरला तर मधे जेमतेम दिसेल इतकाच फरक. माझ्या नणंदेकडे तेवढ्याच लांबीचा १२ चा कप्पा आहे, वर नुसत्या साड्या आणि चादरी, तरी लांबूनच बाक दिसतो. प्लाय तीच आणि वजन तेवढंच असेल, तर जाडी दीडपट झाल्यावर झोल एक तृतीयांशाहून कमी होतो. सहा एमएमनं एवढं काय होणार, असं मलाही वाटायचं.

मधल्या फळीकडे मुद्दाम बघा म्हणून सांगते. डावीकडच्या आणि उजवीकडच्या बिजागऱ्या समोरासमोर नाहीत, दोन बोटं वर-खाली आहेत. १८ च्या फळीतही दोन्हीकडून एकाच जागी स्क्रू आले तर आत एकमेकांवर आपटतात, म्हणून तसं केलंय. अजून एकही बिजागरी ढिली झालेली नाही, आणि आमच्याकडे दारं हळू लावायची कुणाला सवय नाही.

तोटेही आहेत. फळी जाड झाल्यावर आतली जागा थोडी कमी झाली. ती नगण्य, पण तयार ड्रॉवर किंवा बास्केट घेणार असाल तर माप नंतर घ्या. चॅनलला दोन्ही बाजूंना मिळून साधारण एक इंच जागा लागते, तिथे सहा एमएमही अडतात.

खरी तक्रार शटरची. पावसाळ्यात उजवीकडचं टोकाचं शटर वरच्या कोपऱ्यात बाहेर आलं. सात फुटी शटर, बाहेरून १ एमएम सनमायका आणि आतून ०.८ चा. दोन्ही बाजूंना ताण सारखा नसला की शटर बाक घेतं, असं मिस्त्रींचं म्हणणं. हे कोटेशनच्या वेळीच सांगायला हवं होतं, कारण दोन्हीकडे सारखा सनमायका घ्यायला आम्ही तयार झालो असतो. त्यांनी येऊन बिजागरीचे स्क्रू फिरवून बरंचसं जुळवलं, पैसे घेतले नाहीत. तरी वर नाण्याच्या जाडीएवढी फट राहिली आहे. ते शटर बदलायचं का, हे थंडी संपेपर्यंत बघून ठरवू. लाकूड सुकल्यावर बसलं तर बसलं.