लक्ष्मी रस्ता की टिळक रस्ता: विसर्जनाच्या बदललेल्या वेळापत्रकाचा तुलनात्मक आढावा

सदाशिव पेठेतील एका मंडळाच्या समितीने यंदा अनंत चतुर्दशीच्या वेळा बदलण्याची सूचना काढली असून सभासदांना दोन पर्यायांतून एक निवडायचा आहे. जुन्या पर्यायात उत्तरपूजा व आरती सायंकाळी 5 वाजता, सर्वांनी 6 वाजता मंडईत जमायचे आणि 7 वाजल्यापासून बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याने अलका चौकाकडे निघायचे, असा क्रम आहे. नव्या पर्यायात उत्तरपूजेची आरती दुपारी साडेबारा वाजता, जमण्याचे ठिकाण टिळक रस्त्यावर स. प. महाविद्यालयाजवळ आणि प्रस्थान 2 वाजता आहे.

मानाच्या पाच गणपतींच्या मागून लक्ष्मी रस्त्याने जाण्याची शोभा टिळक रस्त्यावर नाही, हे मान्यच करायला हवे, आणि ज्येष्ठ सभासदांचा आग्रह त्यासाठीच आहे. परंतु लक्ष्मी, कुमठेकर, केळकर आणि टिळक हे चारही रस्ते अलका चौकातच येऊन मिळत असल्यामुळे मिरवणुकीचा वेग आपल्या पथकाच्या तयारीवर नव्हे, तर त्या चौकातून एकेक मंडळ किती वेळाने सुटते यावर ठरतो.

समजा, आपल्यापुढे 20 मंडळे आहेत आणि प्रत्येकाला चौकातून सुटायला 10 मिनिटे लागतात. म्हणजे 3 तास 20 मिनिटे थांबावे लागेल. मंडईतून 7 वाजता निघालो, तर चौकात पोहोचायला रात्रीचे 10.20 होतील आणि हाच वेळ दुप्पट झाला, तर मध्यरात्र उलटून 1.40 वाजतील. ध्वनिवर्धक व वाद्यांना विशेष सवलतीच्या दिवशीही रात्री 12 पर्यंतच परवानगी असते, त्यानंतर सकाळी 6 पर्यंत वादन बंद. म्हणूनच अनेक मंडळे मूर्तीसह रस्त्यावरच थांबून राहतात. उत्तरपूजा होऊन गेलेली मूर्ती अशी तासन्‌तास थांबवणे मला योग्य वाटत नाही. दुपारी 2 वाजता निघाल्यास मात्र विलंब दुप्पट झाला तरी रात्री 8.40 पर्यंत चौक गाठता येतो.

अंतराचाही फरक आहे. मंडईपासून अलका चौक साधारण दीड-दोन किलोमीटर, तर महाविद्यालयापासून एक किलोमीटरहूनही कमी आहे. ढोलपथकातील मुलींना आणि वयस्कर मंडळींना हा फरक प्रत्यक्ष चालताना कळतो.

त्यामुळे माझा कौल नव्या पर्यायाला आहे, मात्र सूचनेत एक उणीव राहिली आहे. दुपारी कामावर असणाऱ्यांनी कोठे सामील व्हायचे, हे त्यात लिहिलेले नाही. अलका चौकात जमायला सांगितले, तर चार रस्त्यांची गर्दी तेथे एकवटते आणि आपले मंडळ सापडणार नाही. म्हणून दुसरे जमण्याचे ठिकाण टिळक रस्त्यावरच, चौकाच्या बरेच अलीकडे ठेवावे, तेथे एक कार्यकर्ता ध्वज घेऊन उभा राहावा आणि घाटावरील हौदापाशी होणाऱ्या शेवटच्या आरतीची वेळ ठरावीक न देता ‘चौक सुटल्यानंतर’ अशीच लिहावी.