स्कॅन ॲपने खाल्लेली एक आडवी रेघ: फ्लोचार्टच्या फोटोवरून ड्राय रन, काही महिन्यांच्या वापरानंतर

स्कॅन ॲपची वर्षाची वर्गणी संपत आली आहे आणि ती पुन्हा भरायची का, एवढाच प्रश्न आहे. ॲप काय करतं ते सगळ्यांना ठाऊक आहे: पानाच्या कडा ओळखतं, वाकडं पान सरळ करतं, पीडीएफ काढून देतं. पावत्या आणि अर्ज यांच्यासाठी तक्रारीला जागा नाही. पण फळ्यावरच्या किंवा वहीतल्या फ्लोचार्टचा फोटो काढून, दिलेल्या इनपुटवर ड्राय रन करून, म्हणजे एकेक पायरी हाताने चालवून, शेवटचं आउटपुट सांगायचं असेल, तर हेच ॲप डोक्याला ताप आहे. आणि त्या तापाचं मूळ एका आडव्या रेघेत आहे.

ॲप आपणहून 'ब्लॅक अँड व्हाइट' फिल्टर लावतं. हा फिल्टर प्रत्येक ठिपका आजूबाजूच्या उजेडाशी ताडून बघतो आणि तो काळा की पांढरा हे ठरवून टाकतो, मधलं काही ठेवत नाही. शाईची जाड अक्षरं त्यातून सुटतात. पेन्सिलीची फिकट रेघ मात्र पांढऱ्यात जाते. हाताने लिहिलेल्या `≤` मधली खालची रेघ नेमकी अशीच असते, घाईत ओढलेली आणि आखूड. ती गेली की `≤` चा `<` होतो. कोणी `<=` असं लिहिलं असेल तर `=` ची एकच रेघ उरते आणि ते `<-` सारखं, म्हणजे असाइनमेंटच्या बाणासारखं दिसतं. यात निदान संशय तरी येतो, कारण डिसिजन बॉक्समध्ये असाइनमेंट नसते. नुसता `<` मात्र साळसूद दिसतो.

एका रेघेचं एवढं काय, हे बघायला नेहमीचा मूळ संख्येचा फ्लोचार्ट घेऊ. `N` वाचायचा, `i = 2` करायचं. पहिला डायमंड: `i*i <= N`? नो असेल तर `Prime` छापून थांबायचं. यस असेल तर दुसरा डायमंड: `N mod i = 0`? यस असेल तर `Not Prime` छापून थांबायचं, नो असेल तर `i = i + 1` करून पहिल्या डायमंडच्या वर परत यायचं. इनपुट 49.

```
i   i*i   i*i<=49   49 mod i
2    4     Yes         1
3    9     Yes         1
4   16     Yes         1
5   25     Yes         4
6   36     Yes         1
7   49     Yes         0
```

शेवटच्या ओळीत बाकी शून्य, म्हणून आउटपुट `Not Prime`. आता फिल्टरने रेघ खाल्ली असं धरा. `i` 6 पर्यंत सगळं तसंच चालतं. `i = 7` ला `49 < 49` हे खोटं ठरतं, नोची वाट धरली जाते आणि आउटपुट येतं `Prime`. पाच ओळी हुबेहूब, सहाव्या ओळीत उत्तर उलटं.

खरी खोच पुढे आहे. हाच फ्लोचार्ट 47 ने किंवा 48 ने तपासलात तर ही चूक सापडणारच नाही. 48 ला पहिल्याच फेरीत 2 ने भाग जातो. 47 ला `i = 7` वर 49 ही 47 पेक्षा मोठीच, त्यामुळे `<` असो वा `<=`, उत्तर नोच. 36 सुद्धा पूर्ण वर्ग असून निसटतो, कारण त्याला 2 ने आधीच भाग जातो. फरक दिसतो तो फक्त मूळ संख्येच्या वर्गाला: 4, 9, 25, 49, 121. म्हणून फोटो वाचून झाल्यावर आधी बघायचं, की दिलेल्या इनपुटला अटीच्या दोन्ही बाजू कुठे समान होतात का. होत नसतील तर रेघ असली काय, नसली काय. होत असतील तर मूळ फोटो मोठा करून ते चिन्ह बघितल्याशिवाय उत्तर लिहू नये.

इथपर्यंतचं लिहून झालं आणि मध्येच ॲपची नवी आवृत्ती आली. आता जतन केलेल्या पानाचा फिल्टर नंतरही बदलता येतो, म्हणजे मूळ रंगीत फोटो आत शिल्लक राहतो. 'ग्रेस्केल' केलं की हरवलेली रेघ परत दिसते. त्यामुळे वरची चिडचिड निम्म्याने कमी करतो. पूर्ण नाही, कारण आधीच पीडीएफ करून दुसऱ्याला पाठवलेलं पान सपाट झालेलं असतं, त्यातून काही परत येत नाही. चॅटवर फोटो मागवायचा असेल तर साधा फोटो म्हणून नको, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. साधा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि तीच रेघ पुन्हा जाते.

दुसरा त्रास कडा आपोआप कापण्याचा. लूपची परतीची रेघ बहुतेक जण समासातून, पानाच्या अगदी कडेने वर नेतात. ॲपला ती पानाची कड वाटते आणि कातरली जाते. मग `i = i + 1` नंतर जायचं कुठे? ती रेघ पहिल्या डायमंडच्या वर मिळत असेल तर वरचा तक्ता बरोबर. `i = 2` या चौकटीच्या वर मिळत असेल तर `i` दर फेरीला पुन्हा 2 होतो आणि 49 साठी लूप कधी संपतच नाही, आउटपुटच नाही. वाढवलेला `i` फुकट जाऊ नये या तर्काने पहिली शक्यता खरी वाटते, पण तो अंदाज झाला, वाचन नव्हे. कापणी बंद करून पूर्ण पान घ्यावं. बाणाचं टोक पुसट असेल तरी गफलत होते: ISO 5807 या 1985 च्या मानकात प्रवाहाची गृहीत दिशा वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे आहे, तेव्हा वर जाणाऱ्या रेघेला टोक हवंच.

यस आणि नोची अक्षरं डायमंडच्या कोपऱ्यात दाटीने लिहिलेली असतात, कुठलं कुठल्या वाटेचं ते कळत नाही. पहिल्या डायमंडवर ती उलटी वाचली तर 49 ला पहिल्याच तपासणीत `Prime` येतं, आणि 4 पासून पुढची प्रत्येक संख्या मूळ ठरते. एवढं विचित्र दिसलं की वाचनात घोळ आहे असं समजून फोटोकडे परत जावं. पण फोटो स्वच्छ असूनही उत्तर विचित्र येत असेल, तर चित्रात आहे तेच लिहायचं. वरच्याच फ्लोचार्टला 1 द्या: `4 <= 1` खोटं, आउटपुट `Prime`. गणितात 1 मूळ नाही हे बरोबर, पण प्रश्न फ्लोचार्टच्या आउटपुटचा आहे आणि ते `Prime` हेच आहे. इथे पुष्कळ मुलं शहाणपणा करून मार्क घालवतात.

ट्रेस टेबल बनवून देण्याची सोय या ॲपमध्ये नाही, तिची अपेक्षाही नाही. ते काम आडव्या कागदावर पेनानेच बरं: प्रत्येक अटीला स्वतंत्र रकाना, एका फेरीला एक ओळ, आणि जुनी किंमत खोडायची नाही.

वर्गणीचं म्हणाल तर भरणार नाही. फुकटच्या आवृत्तीत पानाच्या तळाशी ॲपचं नाव छापून येतं आणि ते नेमकं शेवटच्या प्रिंट बॉक्सवर बसतं, एवढीच अडचण. पानाखाली चार बोटं जागा सोडून फोटो काढला की तीही मिटते. फोनचा साधा कॅमेरा, खिडकीचा उजेड आणि फ्लॅश बंद, यात रेघ जास्त नीट येते आणि पैसेही लागत नाहीत. पावत्यांसाठी ॲपला चार तारे, फ्लोचार्टसाठी दोन. नव्या आवृत्तीच्या आधी एकच दिला असता.