ड्रिप आणि माती परीक्षणाचा सल्ला कुणाकडून घ्यायचा: डीलर, सरकारी लॅब की पैसे घेणारा कृषी पदवीधर?

आधीच सांगून टाकतो, मी बीएस्सी अ‍ॅग्री करून जुन्नर तालुक्यात हाच धंदा करतो, म्हणजे शेतावर येऊन माती-पाणी तपासायला देणं, ड्रिपचं डिझाइन काढून देणं आणि सीझनभर खताचं शेड्यूल देणं, त्याचे पैसे घेतो. त्यामुळे तिसऱ्या पर्यायात माझा स्वार्थ आहे हे धरूनच वाचा. पण एक-दोन एकरवाल्याने कुठे पैसे द्यावेत आणि कुठे अजिबात देऊ नयेत, हे मला स्पष्ट सांगायचंय, कारण ज्याला गरज नाही त्याच्याकडून फी घेणं मला पटत नाही.

सगळ्यात मोठा फरक ड्रिपच्या डिझाइनमध्ये पडतो, म्हणून आधी तिकडे. ओळखीचंच उदाहरण घेऊ, एक एकर टोमॅटो, मल्चिंगवर, दोन बेडमध्ये पाच फूट अंतर, प्रत्येक बेडला एक इनलाइन नळी आणि दर ४० सेंटीमीटरला ड्रिपर. एकरात साधारण २,७०० मीटर नळी बसते आणि ड्रिपर होतात ६,७०० च्या आसपास. आता डीलर म्हणाला ४ लिटरचा ड्रिपर टाका, तर सगळं शेत एकदम चालवायला तासाला २७ हजार लिटर पाणी लागणार. २ लिटरचा टाकला तर साडेतेरा हजार. प्रश्न एवढाच की तुमची मोटर किती देते?

हे मोजायला कुणाची फी द्यायची गरज नाही. २०० लिटरचा ड्रम पाइपखाली ठेवा आणि मोबाईलवर वेळ लावा. जानेवारीत ड्रम ४० सेकंदात भरला तर तासाला १८ हजार लिटर. पण उन्हाळी टोमॅटोला पाण्याची खरी ओढ एप्रिल-मे मध्ये लागते आणि तेव्हा विहीर खाली गेलेली असते, तोच ड्रम मग ६० सेकंद घेतो म्हणजे १२ हजार. आणि हे उघड्या पाइपचं माप आहे हे विसरू नका, फिल्टर आणि लाइनचा एक किलो प्रेशर आला की त्याहून कमीच मिळतं. म्हणजे ४ लिटरवर शेताचे तीन तुकडे पाडून तीन व्हॉल्व्ह लागतील, प्रत्येकाला ९ हजार. २ लिटरवर दोन व्हॉल्व्हमध्ये भागेल, प्रत्येकाला पावणेसात हजार, आणि मोटर जास्त देत असेल तेव्हा उरलेलं पाणी बायपासने परत विहिरीत.

मग २ लिटरचाच का नाही टाकायचा सरसकट? कारण कमी लिटरच्या ड्रिपरची वाट बारीक असते आणि पाणी जड असेल, म्हणजे क्षार-बायकार्बोनेटचं असेल, तर ती लवकर बुजते. बोअरच्या पाण्यात हे फार दिसतं, नळीच्या भोकाला पांढरी पुटं चढतात. अशा ठिकाणी मी ४ लिटर आणि तीन व्हॉल्व्ह सुचवतो, सबमेनचा आणि व्हॉल्व्हचा खर्च थोडा वाढला तरी चालेल, आणि वेळोवेळी अ‍ॅसिड ट्रीटमेंट करायला सांगतो (पाण्यात अ‍ॅसिड ओतायचं, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही, आणि क्लोरीन त्याच वेळी अजिबात नाही, विषारी वायू तयार होतो). पाणी गोड असेल तर २ लिटर छान. दिवसाला पीक ५ मिलिमीटर पाणी पितंय असं धरलं तर एकराला २० हजार लिटर द्यायचेत, ४ लिटरवर तीन व्हॉल्व्ह पाऊण-पाऊण तास, २ लिटरवर दोन व्हॉल्व्ह दीड-दीड तास. दोन्ही वीज असताना भागतं, त्यामुळे निर्णय वेळेवर नाही, पाण्याच्या रिपोर्टवर होतो.

आता डीलर. डीलरचा माणूस फुकट येतो, टेप टाकतो, कागदावर आकृती काढून देतो, आणि चांगल्या कंपन्यांचे डिझाइन करणारे लोक खरंच हुशार असतात, त्यांच्याकडे किती लांबीपर्यंत कुठली नळी चालते याचे तक्ते असतात. अनुदानाची फाइलही तोच करतो. पण विहीर एप्रिलमध्ये कुठे जाते हे तो बहुतेक वेळा विचारत नाही, आणि पाणी तपासणं तर जवळजवळ कुणीच सांगत नाही. तुमची जमीन सरळ, विहीर बारमाही आणि पाणी गोड असेल तर डीलरचंच डिझाइन घ्या, माझ्यासारख्याला पैसे देऊ नका. फक्त काम झालं की एक टेस्ट करून मगच शेवटचं पेमेंट करा. सबमेनजवळचा एक ड्रिपर आणि लाइनच्या टोकाचा एक, दोन्हीखाली सहा मिनिटं वाटी ठेवा. ४ लिटरच्या ड्रिपरखाली ४०० मिली यायला हवं, २ लिटरखाली २००. जवळ ४०० आणि टोकाला ३०० असेल तर टोकाचं पीक उपाशी राहणार आणि त्याच लाइनने खत सोडणार असाल तर खतही तसंच कमी-जास्त पडणार.

अनुदानाबद्दल एकच, पण ते चुकलं की सगळे पैसे खिशातून जातात. महाडीबीटीवर अर्ज केल्यावर पूर्वसंमती येते, त्यानंतरच खरेदी करायची. केंद्राचं अल्प-अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के आणि त्यावर राज्याची पूरक टक्केवारी मिळून ८० पर्यंत जातं, पण हे सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या मर्यादेवर, तुमच्या बिलावर नाही. डीलर "आधी माल टाका, संमती येईल मागून" म्हणाला तर थांबा.

दुसरा पर्याय सरकारी माती परीक्षण किंवा कृषी विज्ञान केंद्र, म्हणजे केव्हीके. नाममात्र फीत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि जस्त-लोह-मॅंगनीज-तांबे-बोरॉन असे १२ घटक मिळतात, १२ घटकांची मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून आहे. रिपोर्ट चांगला असतो, मी स्वतः तेच लॅब वापरतो. अडचण दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे योजनेत बागायती भागात २.५ हेक्टरच्या गटाला एक नमुना ठरलेला होता, म्हणजे साधारण सहा एकरांचा, आणि तुमच्या हातात आलेलं कार्ड शेजारच्याच्या बांधाआडच्या मातीचंही असू शकतं. त्यामुळे स्वतःचा नमुना स्वतः द्या, नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी एक वीत खोल व्ही आकाराचा खड्डा, त्याची कड वरपासून खालपर्यंत खरवडून, सगळं एकत्र करून शेवटी अर्धा किलो. बांधाजवळ, झाडाखाली, शेणखताच्या ढिगाजवळ घेऊ नका, आणि नमुना खताच्या जुन्या गोणीत तर बिलकुल भरू नका.

दुसरी अडचण अशी की त्या १२ मध्ये मुक्त चुना नसतो. आपल्याकडच्या काळ्या आणि चोपण जमिनीत चुनखडी हा मोठा विषय आहे आणि कार्डावर लोह "पुरेसं" लिहिलेलं असताना शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसतं, मग शेतकरी दुकानात जातो आणि फेरस सल्फेट ड्रिपने सोडतो, जे चुनखडीत लगेच अडकून बसतं. चिलेटेड लोह घेतलं तरी ईडीटीए सामू सातच्या वर गेला की टिकत नाही, तिथे ईडीडीएचए लागतं, ते महाग आहे म्हणून आधी चुना तपासा. लॅबला अर्ज देताना मुक्त चुना वेगळा मागा आणि त्याच वेळी पाण्याची बाटलीही द्या.

आता रिपोर्ट वाचायचा कसा, इथे पदवीधराची फी वसूल होते किंवा होत नाही. समजा संकरित टोमॅटोला हेक्टरी ३००:१५०:१५० ची शिफारस आहे, म्हणजे एकरी १२०:६०:६०. रिपोर्टमध्ये पालाश जास्त आणि नत्र कमी आलं, आपल्या काळ्या मातीत हे नेहमीचंच. ढोबळ नियम असा की कमी असेल तर पाव भाग वाढवा, जास्त असेल तर पाव भाग कमी करा. पालाश ६० ऐवजी ४५ किलो, म्हणजे १५ किलो वाचलं, ०:०:५० च्या हिशोबाने ३० किलो खत कमी. नत्र १२० चं १५० झालं. हे गणित कृषी सहायक किंवा केव्हीकेचा माणूसही करून देतो, नारायणगावला केव्हीके आहे, जवळचे आहात तर आधी तिथे जा.

पण हे १५० किलो नत्र लागवडीपासून तोडणीपर्यंत आठवड्यागणिक कसं वाटायचं, कुठल्या दिवशी १२:६१:०० आणि कुठल्या दिवशी कॅल्शियम नायट्रेट (ही दोन एकाच टाकीत गेली की गाळ बसतो आणि ड्रिपर बुजतो), आणि पाऊस झाला, फुलगळ दिसली की बदलायचं काय, याला कुणीतरी शेतावर यावं लागतं. सरकारी माणसाकडे गावं इतकी असतात की त्याला ते शक्यच नाही, त्याला दोष देऊ नये.

त्यामुळे माझा हिशोब साधा आहे. ज्वारी, हरभरा, कांदा, आणि ड्रिप आधीच नीट चालतंय, तर सरकारी लॅब पुरे. नवीन ड्रिप पण पाणी गोड आणि बारमाही, तर डीलरचं डिझाइन अधिक वाटीची टेस्ट. नवीन ड्रिप, बोअर किंवा आटणारी विहीर, पाण्याला जडपणा, तर डिझाइनपुरतीच एक व्हिजिट पैसे देऊन घ्या, अख्खा सीझन नको. आणि टोमॅटो, ढोबळी, डाळिंब अशा खतावर चालणाऱ्या पिकाला, जिथे खताचंच बिल हजारोंत जातं, तिथे सीझनचा सल्ला घ्या, पण फी एकरी खताच्या बिलाच्या दहा टक्क्यांच्या वर जात असेल तर विचार करा, कारण बहुतेक ठिकाणी खतातली बचत साधारण तेवढीच असते, बाकी फायदा उत्पन्नातून यावा लागतो आणि त्याची खात्री कुणी देऊ नये.

पदवीधराला पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा. खत किंवा औषध तो स्वतः विकतो का, किंवा दुकानाकडून कमिशन घेतो का? विकत असेल तर तो डीलरच आहे, फरक फक्त डिग्रीचा. माती आणि पाण्याचे रिपोर्ट तो तुमच्या नावाने लॅबमधून देतो की तोंडी सांगतो? आणि शेड्यूल लेखी, तारखेनिशी, किलोमध्ये देतो का, म्हणजे हंगाम संपल्यावर तो कागद तुमच्याकडे राहतो आणि पुढच्या वर्षी त्याच रानात त्याच्याशिवाय निम्मं काम तुम्ही स्वतः करू शकता.