व्हिडिओ एडिटरला दिलेलं पत्र: गणपतीपासून पाडव्यापर्यंतचा अनुभव

लक्ष्मी रोडच्या आतल्या गल्लीत आमचं साड्यांचं दुकान आहे. पैठणी, इरकल आणि लग्नाचे बस्ते हा मुख्य धंदा. इन्स्टाग्रामवरची रील आणि दुकानातल्या टीव्हीवर दिवसभर फिरणारे व्हिडिओ एक फ्रीलान्स एडिटर करून देतो. शूटिंग आम्ही फोनवर करतो, तो फक्त एडिट करतो. गणपतीच्या आधी काम सुरू करताना मी त्याला दीड पानी पत्र मेल केलं आणि त्याच मेलला ‘मान्य’ असं उत्तर मागून घेतलं. काम काय, दुरुस्त्या किती आणि फाइल कशी द्यायची, एवढंच त्यात होतं. दसरा, दिवाळी, लग्नसराई आणि आता पाडवा हे पत्र धरून पार पडले. म्हणून त्यातलं काय कामाला आलं आणि काय कमी पडलं ते लिहिते.

पत्राची गरज का पडली ते आधी सांगते. त्याआधी दुसऱ्या एका एडिटरशी सगळं व्हॉट्सॲपवर ठरलं होतं, ‘दोन-तीन करेक्शन फ्री’. त्याच्या हिशोबाने प्रत्येक मेसेज म्हणजे एक करेक्शन. आमच्या हिशोबाने व्हिडिओ बरोबर होईपर्यंत जे काही सांगू ते सगळं त्यातच. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक होतो, तरी शेवटी पैशांवरून कटुता आली आणि ऐन सणात व्हिडिओ अडकला. किती दुरुस्त्या हे ठरलेलं होतं, पण एक दुरुस्ती कशाला म्हणायचं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्यामुळे नव्या पत्रात मी सगळ्यात जास्त जागा याच कलमाला दिली. ते जसंच्या तसं देते:

‘एक फेरी म्हणजे तुम्ही पाठवलेल्या एका व्हर्जनवर आमच्याकडून आलेली सगळ्या दुरुस्त्यांची एकच यादी. ही यादी दुकानाच्या वतीने मीच पाठवेन. प्रत्येक दुरुस्तीपुढे व्हिडिओतली वेळ लिहिलेली असेल. अशा दोन फेऱ्या ठरलेल्या रकमेत धरल्या आहेत. यादी गेल्यावर सुचलेली गोष्ट पुढच्या फेरीत जाईल. आम्ही दिलेल्या मजकुरापेक्षा किंवा रंगाच्या नमुन्यापेक्षा वेगळं काही झालं असेल, तर ती दुरुस्ती फेरीत मोजायची नाही. नवं शूटिंग, नवी साडी किंवा नवा मजकूर आला तर ते वेगळं काम, त्याची रक्कम आधी सांगावी.’

यातलं ‘मीच पाठवेन’ हे वाक्य घरच्या घरीच सगळ्यात उपयोगी पडलं. आमच्याकडे व्हिडिओ बघणारे चार जण आहेत. सासूबाईंना पदर जास्त वेळ दिसायला हवा असतो, दिरांना ऑफर मोठ्या अक्षरांत हवी असते आणि काउंटरवरच्या मुली गाण्यावरून भांडतात. पूर्वी चौघंही एडिटरला थेट मेसेज करायचे आणि दोघांचं सांगणं उलटसुलट असायचं. आता सगळे मला सांगतात, संध्याकाळी आम्ही एकदा एकत्र बसतो, जे पटेल ते यादीत जातं.

लग्नसराईच्या पैठणीच्या रीलचं उदाहरण घ्या. चाळीस सेकंदांची रील होती. पहिल्या व्हर्जनवर माझी यादी अशी गेली:

‘०:०४ – पदरावरचा मोर अजून एक सेकंद थांबू दे.
०:१२ – काठाचा आणि बुट्ट्यांचा शॉट यांची अदलाबदल करा.
०:२३ – साडी राणी रंगाची आहे, इथे लालसर दिसते. नमुन्याच्या फोटोशी ताडून बघा.
०:३१ – किंमत शब्दातली वेलांटी भलतीकडे गेली आहे.’

पहिल्या दोन गोष्टी आमच्या आवडीच्या, म्हणून ती पहिली फेरी धरली. रंग आणि वेलांटी या चुका, त्या मोजल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दिरांनी आणखी एक साडी त्यात घालायला सांगितली. एडिटरने पत्राचाच आधार घेऊन विचारलं, ‘ताई, ही नवी साडी आहे ना? मग पाचशे रुपये वाढतील.’ दिरांनी क्षणभर विचार केला आणि ती साडी पुढच्या रीलसाठी ठेवली. वाद नाही, रुसवा नाही. दुसऱ्या फेरीत फक्त शेवटच्या पाटीची वेळ बदलायची होती, आणि व्हिडिओ पक्का झाला.

रंगाबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं, कारण साडीच्या धंद्यात भांडणं इथेच होतात. व्हिडिओत राणी दिसलेली साडी हातात आल्यावर डाळिंबी निघाली तर गिऱ्हाईक ती परत करणारच. आजकालचे बरेच फोन आपोआप एचडीआर पद्धतीने शूट करतात. एडिटरने ते फुटेज साध्या रंगपद्धतीत नीट बदलून घेतलं नाही, तर एक तर सगळं पांढरटून जातं, नाहीतर भडक रंग एकमेकांत मिसळतात. सगळ्यात आधी मार राणी, केशरी आणि जरीवर बसतो. हे ओळखायची सोपी खूण आहे. पांढरी भिंत किंवा काउंटरवरचा कागद बघा, तो डोळे दिपवणारा किंवा राखाडी दिसत असेल तर गडबड साडीत नसून फुटेजमध्ये आहे. पत्रात आम्ही आमच्या बाजूने लिहून दिलं की शूटिंगच्या वेळी फोनमधलं एचडीआर बंद असेल, आणि प्रत्येक साडीचा दिवसाच्या उजेडात काढलेला एक फोटो नमुना म्हणून सोबत येईल. एडिटरने जुळवायचं ते त्या फोटोशी. तरीही प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फोनचा पडदा वेगळा रंग दाखवतो, त्याला पत्र काही करू शकत नाही. म्हणून रीलखाली आम्ही रंगाचं नाव लिहितोच.

वेलांटीचंही कारण कळलं. काही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची वेगळी सेटिंग चालू करावी लागते. ती बंद असेल तर जोडाक्षरं सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर येते. मजकूर पाहून पुन्हा टाइप केला की नव्या चुकाही शिरतात. म्हणून पत्रात वाक्य आहे: ‘पडद्यावरचा सगळा मजकूर आम्ही युनिकोडमध्ये टाइप करून पाठवू, तो तसाच कॉपी करून वापरावा.’ दुकानाची वेळ, फोन नंबर आणि किंमत यांत तेव्हापासून एकही चूक गेलेली नाही.

आता फाइल द्यायच्या पद्धतीबद्दल. पत्रात प्रत्येक व्हिडिओच्या तीन फाइल मागितल्या आहेत. रीलसाठी उभी, १०८०×१९२०. टीव्हीसाठी आडवी, १९२०×१०८०. आणि तिसरी उभीच, पण पडद्यावर एकही अक्षर नसलेली कोरी प्रत. तिन्ही MP4, H.264 मध्ये. H.264 चा आग्रह धरला, कारण दुकानातला टीव्ही जुना आहे आणि पेनड्राइव्हवरून नव्या पद्धतीची HEVC फाइल लावली की नुसता आवाज येतो, चित्र येत नाही.

आडवी फाइल म्हणजे उभीच फाइल वेगळ्या मापात काढलेली, असा समज करून घेऊ नका. तसं केलं की मध्ये उभी पट्टी आणि दोन्ही बाजूंना काळं दिसतं. प्रत्येक शॉट पुन्हा बसवावा लागतो, पदराचा लांब शॉट कुठे कापायचा ते नव्याने ठरवावं लागतं. हे खरंखुरं जास्तीचं काम आहे, म्हणून त्याचे पैसे आम्ही पहिल्यापासून रकमेत धरले. फुकटात मागितलं असतं तर काळ्या पट्ट्याच मिळाल्या असत्या.

कोऱ्या प्रतीने आमचे सगळ्यात जास्त पैसे वाचवले. दिवाळीची ऑफर संपली की व्हिडिओ जुना होतो, साडी मात्र तीच असते. कोऱ्या प्रतीवर आमची काउंटरवरची मुलगी फोनमध्येच नवी किंमत टाकते. त्या वेळी अक्षरं कुठे टाकायची तेही पत्रात आहे. रीलमध्ये खालच्या साधारण तिसऱ्या भागावर नाव, कॅप्शन आणि बटणं येतात, तिथे किंमत लिहिली तर ती झाकली जाते. म्हणून मजकूर मधल्या भागात ठेवायचा.

फाइल तपासायची कशी, हेही लिहून ठेवा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ आकसतो आणि जरीचं बारीक काम चौकोनी ठिपक्यांसारखं फुटतं. तो बघून ‘क्वालिटी खराब आहे’ म्हणणं एडिटरवर अन्याय आहे. आमच्याकडे ड्राइव्हची लिंक येते, किंवा व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून फाइल येते. फाइलच्या आकारावरूनही अंदाज येतो. सेकंदाला १५ मेगाबिट धरले तर चाळीस सेकंदांचे ६०० मेगाबिट, म्हणजे साधारण ७५ एमबी. तेवढ्याच लांबीची फाइल पाच-सहा एमबीची आली, तर ती वाटेत कुठेतरी आकसली आहे. मूळ फाइल पुन्हा मागवायची.

कमी कुठे पडलं? एक म्हणजे आवड. ‘जरा रिच वाटू दे’ हे कुठल्याही यादीत नीट लिहिता येत नाही. त्यावर उपाय म्हणून आता प्रत्येक कामासोबत आम्हाला आवडलेल्या आमच्याच जुन्या रीलची लिंक जाते आणि त्यातलं नेमकं काय आवडलं तेही लिहून जातं: शॉट बदलण्याचा वेग, की अक्षरं, की गाणं. यामुळे पहिलं व्हर्जनच जवळपास हवं तसं येतं.

दुसरं म्हणजे सणाचा आठवडा. पत्रात पहिल्या व्हर्जनसाठी तीन दिवस आणि प्रत्येक फेरीसाठी एक दिवस दिला आहे. एरवी हे आरामात जमतं. पण वसुबारसेच्या आदल्या दिवशी माल येतो आणि दुसऱ्या दिवशी व्हिडिओ हवा असतो, तिथे हे वेळापत्रक कोलमडतं. एडिटरकडेही तेव्हा मिठाईवाले, सराफ, फर्निचरवाले सगळे रांगेत असतात. तो रात्री जागला, आम्ही जास्तीचे पैसे दिले, पण किती द्यायचे हे घाईत ठरवावं लागलं आणि ते दोघांनाही अवघड गेलं.

तिसरी गोष्ट मूळ प्रोजेक्ट फाइलची. पत्रात तिचा उल्लेखच नव्हता. एडिटर म्हणाला की ती त्याच्या कामाची पद्धत आहे, ती तो देत नाही, आणि मला ते पटलं. आम्हाला तयार व्हिडिओ आणि कोरी प्रत पुरते. मात्र आमचं मूळ फुटेज त्याच्याकडे किती दिवस राहील हे ठरवायला हवं होतं, कारण हार्ड डिस्क भरली की जुनं पुसलं जाणारच.

अक्षय्य तृतीयेच्या कामासाठी पत्र नव्याने पाठवलं आहे. बाकी सगळं तेच, फक्त दोन वाक्यं वाढली:

‘सणाच्या आधीच्या आठवड्यात चोवीस तासांत काम हवं असेल तर रकमेच्या दीडपट, आणि त्यात एकच फेरी. फुटेज काम पक्कं झाल्यापासून साठ दिवस तुमच्याकडे राहील, पुसण्याआधी आम्हाला एक मेसेज करावा.’

त्याचं ‘मान्य’ काल आलं. सोबत त्यानेही एक अट घातली आहे: फुटेज व्हॉट्सॲपवर न पाठवता थेट ड्राइव्हवर टाकावं. ती मी पत्रात घालून घेतली.