दोन पँटी, दोन शर्ट आणि चौदा महिने: शिवलेला गणवेश की तयार?

गेल्या वर्षी जूनमध्ये मुलगा सातवीत गेला तेव्हा त्याची उंची 146 सेंटिमीटर होती. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची खूण आहे. आज तो 156 आहे. सहावीच्या वर्षी घेतलेल्या दोन तयार पँटी वर्ष संपायच्या आत घोट्याच्या वर गेल्या होत्या, म्हणून सातवीला मी ठरवून एक जोडी तयार घेतली आणि एक शिंप्याकडून शिवून घेतली. गडद निळी पँट, पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट. दोन्ही जोड्या एक दिवसाआड वापरल्या, एकाच मशीनमध्ये धुतल्या. मुलगा सायकलने जातो आणि आमच्या साताऱ्यात जून ते सप्टेंबर काय चिखल असतो ते सांगायला नको. चौदा महिन्यांत जे दिसलं ते लिहिते.

शर्टाचं आधी उरकते, कारण त्यात फार काही नाही. तयार शर्ट एक नंबर मोठा, 360 रुपयांना. शिवलेल्याचं कापड 180 आणि शिलाई 280, म्हणजे 460. शिवलेला पहिले सहा महिने सुंदर बसला. जानेवारीत मुलगा हात वर करायला लागला की पाठीत ओढायचा. शर्टाची उंची वाढवता येते, बाजूने थोडं सोडवता येतं, पण खांदा आणि मुंढा एकदा कापला की कापला. तिथे आत कापड ठेवून उपयोग नसतो. तयार शर्टाचा खांदा सुरुवातीला हाडाच्या बाहेर इंचभर उतरायचा, दिवाळीनंतर जागेवर आला आणि अजून चालतोय. शिवाय पांढरा शर्ट आखूड व्हायच्या आधी कॉलरनेच जातो. आता मी शर्ट तयारच घेते. खांद्याची शिवण हाडाच्या इंचभरापेक्षा जास्त खाली येत नाही एवढं बघते.

खरा प्रश्न पँटचा आहे.

या वयात मुलं आधी पायांनी वाढतात, धड मागून येतं. कंबर तर जवळजवळ तिथेच राहते. माझ्या मुलाची पँटची पूर्ण उंची जूनमध्ये साडेचौतीस इंच होती आणि एप्रिलमध्ये साडेछत्तीस. कंबर तेवढ्या काळात जेमतेम इंचभर वाढली. तयार पँटचे नंबर मात्र उंची, कंबर आणि घेर एकत्र वाढवत जातात. 34 नंबर कमरेला नेमका बसत होता, पण आतली दुमड फक्त एक इंचाची होती. सोडून सोडून अर्धा इंच मिळाला असता. दुकानदारानेच सांगितलं, “36 घ्या, खालून दीड इंच दुमडून देतो, वर्ष जाईल.” 480 रुपये पँट आणि 30 रुपये दुमडायचे.

उंचीच्या बाबतीत तो खोटं बोलला नाही. पण मोठ्या नंबरात आसन, म्हणजे दोन पायांच्या मधला भाग, तोही मोठा असतो. हे आसन मुलाच्या मांड्यांमध्ये दीड-दोन इंच खाली लोंबत होतं. कमरेच्या मागचं इलास्टिक चुण्या पाडून सगळं धरून ठेवायचं आणि दुपारपर्यंत शर्ट बाहेर आलेला असायचा. दिसायला वाईट, एवढ्यावर मी सोडून दिलं असतं. पण आसन खाली असलं की पाय मोकळा होत नाही, हे मला शिंपीमास्तरांनी दाखवेपर्यंत कळलं नव्हतं. खाली उतरलेल्या आसनात मुलगा सायकलवर टांग टाकतो तेव्हा सगळा ताण मागच्या शिवणीवर येतो. आपल्याला वाटतं सैल कपडा कमी फाटेल, इथे उलट होतं.

नोव्हेंबरात शिवण उसवली. कापड शाबूत होतं, दोरा तुटला होता. आतून बघितलं तर साखळीसारखी एकच टीप आणि कडेला ओव्हरलॉक. ही साखळी टीप ताणाला थोडी लवते, त्यामुळे ती वाईट असते असं नाही. पण एका जागी दोरा तुटला की पुढे सरसर उलगडत जाते. मास्तरांनी दुहेरी टीप मारून दिली, 30 रुपये. फेब्रुवारीत त्याच्याच शेजारी कापड फाटलं. तिथे शिवणीच्या आत कापड अर्धा इंचसुद्धा नव्हतं, धरायला जागाच नाही. ठिगळ लावून शाळेत पाठवण्यासारखी राहिली नाही. आठ महिन्यांत पँट गेली.

आता शिवलेली. कापड 58 इंच पन्ह्याचं, टेरिकॉट सुटिंग, 240 रुपये मीटरने 1.10 मीटर घेतलं, 264 झाले. शिलाई 350. एकूण 614. घेताक्षणी तयार पँटपेक्षा 134 रुपये जास्त. शिवायला टाकायच्या आधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता वाळवून दिलं. टेरिकॉट फारसं आटत नाही, पण 35 इंचांत अर्धा इंच आटलं तरी आपण मोठ्या हौसेने आत ठेवलेलं जादा कापड, म्हणजे माया, तिथेच गेली.

मी मास्तरांना नेहमीच्या सवयीने म्हटलं, “जरा वाढत्या अंगाचं शिवा.” त्यांनी टेप गळ्यात टाकली आणि म्हणाले, “ताई, घालायला मापाचंच करू. वाढायचं ते आत ठेवतो.” सगळा फरक मला या वाक्यात सापडला. वाढत्या अंगाचं म्हणजे बाहेरून सैल असं आपण धरून चालतो. त्यांनी पँट आजच्या मापाची शिवली आणि उद्याचं कापड शिवणीत लपवलं.

तयार झाल्यावर पँट उलटी करून दाखवली. खाली तीन इंचांची एकच दुमड, हाताने घातलेल्या सैल टाक्यांची. मशीनची टीप नाही, कारण सोडल्यावर सुईच्या भोकांची रांग कायमची दिसते. तीन घड्या घातल्या नाहीत, कारण मोहरी जड होते आणि चिखलात भिजली की वाळत नाही. आणखी एक गोष्ट, जी मला कधीच सुचली नसती. पाय खाली निमुळता होत गेला तर आत दुमडलेलं कापड वरच्या रुंद भागाला पुरत नाही, ते ओढलं जाऊन चुण्या पडतात. म्हणून खालचे सहा इंच त्यांनी सरळ ठेवले. मागच्या मधल्या शिवणीत दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा इंच माया होती आणि कंबरपट्टा तिथेच दोन तुकड्यांत जोडलेला, म्हणजे कंबर सोडवायची तर पट्टा सगळा उखडावा लागत नाही. मांडीच्या आतल्या शिवणीत मागच्या बाजूला पाऊण इंच होतं. त्यातून आसन थोडंसं मोकळं करता येतं. फार नाही. खोल आसन नव्याने करता येत नाही, तेवढी मर्यादा शिवलेल्या पँटलाही आहे.

दिवाळीच्या सुट्टीत पहिला एक इंच सोडला. इथे माझ्याकडून उशीर होता होता राहिला. जुनी घडी टाचेवर घासून घासून पांढरट व्हायला लागली होती. घडीची नुसती मोड असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन ओल्या फडक्याने पुसायचं, वर सुती कापड टाकून इस्त्री करायची, बरीचशी जाते. आधी आतल्या बाजूला कोपऱ्यात रंग उतरत नाही ना, ते बघून घ्या. पण घासून दोरे उडाले असतील तर ती रेघ कशानेच जात नाही. म्हणून पँट आखूड दिसायची वाट बघू नका. मोहरीची कड बोटाला खरखरीत लागली की सोडून घ्या. आतलं कापड बाहेर आल्यावर एक गडद पट्टा दिसतो, कारण बाकीची पँट धुऊन फिकी झालेली असते. आमच्याकडे तो दोन महिन्यांत मिसळला.

फेब्रुवारीत दुसरा इंच सोडला, तेव्हाच कंबरही इंचभर मोकळी केली. या जूनमध्ये सगळंच बाहेर काढलं. आता दुमडायला कापड उरलं नाही, म्हणून मास्तरांनी आतून जोडपट्टी लावली. 30 आणि 30, पट्टीचे 50, कमरेचे 40. म्हणजे 614 वर 150, एकूण 764.

खर्चाचा हिशोब शाळेच्या महिन्यांवर केला. तयार पँट दुमडून आणि दुरुस्त करून 540 रुपये, आठ महिने. महिन्याला साडेसदुसष्ट. शिवलेली 764, साडेबारा महिने झाले, महिन्याला 61. फरक सहा रुपयांचा. एवढ्यासाठी कुणी शिंप्याकडे खेपा घालाव्यात असं मी म्हणणार नाही. खरी अडचण पैशात दिसत नाही. फेब्रुवारीत तयार पँट फाटल्यावर मी तीन दुकानं फिरले. गणवेशाचा माल मे-जूनमध्ये येतो, नंतर मधलेच नंबर संपतात. 36 कुठेच नव्हता. नाइलाजाने 38 घेतला, 500 रुपये, आणि लोंबणाऱ्या आसनाची तीच गोष्ट पुन्हा सुरू झाली.

शिवलेल्याची तक्रारही सांगते. जून उजाडला की शिंप्याकडे लग्नसराईची उरलेली कामं आणि गणवेश एकत्र पडतात. आमची जोडी शाळा सुरू झाल्यावर नऊ दिवसांनी मिळाली, ते दिवस तयार जोडीवरच निघाले. कापड मेच्या पहिल्या आठवड्यात द्यायला हवं होतं. आणि कापडाची छटा तयार पँटपेक्षा किंचित वेगळी निघाली. उन्हात नेऊन शेजारी धरून बघायला हवं होतं.

ज्यांना तयारच घ्यायची आहे त्यांनी दुकानात पँट उलटी करून बघा. मागची शिवण दोन्ही हातांनी आडवी ताणा. टाक्यांचे दात उघडे पडून मधून उजेड दिसला तर ती घेऊ नका. मोहरीत दीड इंच तरी कापड हवं. आणि मुलाला घालून उकिडवं बसवा. नुसतं उभं करून आरशात बघितल्याने आसन कळत नाही.

मुलाची उंची थांबली की मीही तयारच घेईन, तेव्हा नंबर आणि अंग जुळतं. सध्या मात्र आठवीची नवी पँट मास्तरांकडे टाकली आहे. उंची 37, दुमड तीन इंच, खालचे सहा इंच सरळ. या वेळी मागच्या शिवणीतली माया दीड इंच ठेवायला सांगितली आहे, कारण आता कंबरही भरायला लागली आहे.