शेंदेलोण, खडे मीठ की आयोडीनचं मीठ?

रोजच्या आमटी-भाजीला पिशवीतलं आयोडीनचं मीठ, उपवासाला शेंदेलोण आणि लोणच्याला खडे मीठ, अशी माझ्या ओट्यावरची वाटणी. हल्ली बऱ्याच घरांत आयोडीनचं मीठ हद्दपार करून बाराही महिने शेंदेलोणच वापरतात. ते मला पटत नाही.

तिन्ही मिठांत जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं. गुलाबी शेंदेलोणाचा रंग लोहाच्या अंशामुळे येतो, पण चिमूटभर मिठातून मिळणारी खनिजं नावापुरतीच. रक्तदाब असलेल्यांना ते हवं तेवढं चालतं, हाही गैरसमज. खरा फरक आयोडीनचा. नियमाप्रमाणे आपल्या हाती पडणाऱ्या पिशवीत दर ग्रॅम मिठामागे किमान 15 मायक्रोग्रॅम आयोडीन असायला हवं. मोठ्या माणसाला दिवसाला 150 लागतं, गरोदर बाईला 250. दिवसाचं 5 ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट चमच्याहून थोडं कमीच, धरलं तरी निम्मी गरज तिथेच भागते. बाकीचं दूध, अंडी, मासे यांतून येतं. शेंदेलोणात आयोडीन नगण्य. खडे मीठ समुद्राचं, तेव्हा त्यात भरपूर असेल असं वाटतं, पण मुळात समुद्राच्या पाण्यातच ते फार थोडं असतं.

नवरात्रात नऊ दिवस शेंदेलोण खाल्लं तर काही बिघडत नाही, थायरॉइड ग्रंथीत आयोडीनचा साठा असतो. शेंदेलोण खाणीतून निघतं आणि नुसतं दळून विकलं जातं, म्हणून उपवासाला शुद्ध मानतात. तशी महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत साबुदाण्याच्या खिचडीत साधं मीठच पडतं. तुमच्या सासूबाईंना चालत असेल तर वेगळी बरणी हवीच असं नाही. आणायचं ठरलं तर दुकानात पादेलोण गळ्यात पडणार नाही एवढं पाहा. ते काळं मीठ, उकडलेल्या अंड्यासारखा वास येतो. खिचडीत पडलं की चाट मसाल्याची आठवण.

शेंदेलोण कमी खारट लागतं म्हणून लोक जास्त घालतात. ते बहुतेक वेळा जाडसर असतं, त्यामुळे चमच्यात कमी वजनाचं बसतं, इतकंच. शिवाय खिचडी कोरडी, त्यात खडे विरघळत नाहीत आणि एखाद्या घासाला कचकन लागतात. दोन वाट्या साबुदाण्याला लागेल तेवढं मिक्सरमधून बारीक करून दाण्याच्या कुटात आणि साखरेत आधीच कालवावं. बारीक केल्यावर मात्र पाऊण चमच्यापासून सुरुवात करा.

खडे मीठ मी फक्त लोणच्यासाठी आणि मासे चोळून धुवायला ठेवते. त्यात मॅग्नेशियमचे क्षार राहतात, म्हणून पावसाळ्यात बरणीत पाणी सुटतं. लोणच्याआधी कढईत कोरडं भाजून, गार करून, मग कुटावं.

आयोडीनच्या मिठालाही ओल आणि उष्णता सोसत नाही. बरणी गॅसशेजारून हलवा, झाकण घट्ट लावा आणि आमटीत मीठ शेवटी घाला.