२०% सूट लिहू की सरळ ₹१५० कमी? फराळाच्या कूपन कोडचे दोन कॅप्शन शेजारी ठेवून बघूया

दिवाळीच्या आधी घरगुती फराळ करणाऱ्या ओळखीच्या बऱ्याच जणी मला एकच प्रश्न विचारतात, की ऑफर टाकायचीय, कोड ठेवायचाय, पण कॅप्शनमध्ये नेमकं काय लिहू, टक्के लिहू की रुपये? आमची वहिनी डोंबिवलीत फराळ करते, तिचे कॅप्शन मीच लिहिते, त्यामुळे ह्या दोन्ही प्रकारांत काय होतं ते मी जवळून बघितलंय. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर २०२६ ला आहे, तेव्हा त्या हिशोबाने दोन कॅप्शन लिहून दाखवते.

पहिला, टक्क्यांचा:

> दिवाळी फराळावर २०% सूट, जास्तीत जास्त ₹३००! कोड FARAL20
> रविवार २५ ऑक्टोबर २०२६, रात्री १० पर्यंत
> किमान ऑर्डरची अट नाही. एका मोबाईल नंबरला एकदाच. डिलिव्हरी चार्ज वेगळा, त्यावर सूट नाही.
> कसं वापरायचं: बायोतल्या लिंकवर टॅप करा, व्हॉट्सअ‍ॅप उघडेल, कोड आधीच लिहिलेला असेल, त्याखाली ऑर्डर लिहून पाठवा. सूट वजा करून बिल येईल, अर्धी रक्कम यूपीआयने भरली की ऑर्डर पक्की.
> फराळ १ ते ४ नोव्हेंबर दरम्यान घरपोच, फक्त डोंबिवली, कल्याण आणि ठाणे.

दुसरा, रुपयांचा:

> ₹१००० च्या फराळावर सरळ ₹१५० कमी! कोड FARAL150
> रविवार २५ ऑक्टोबर २०२६, रात्री १० पर्यंत
> डिलिव्हरी सोडून फराळाचं बिल ₹१००० किंवा जास्त हवं. एका मोबाईल नंबरला एकदाच.
> (वापरायची रीत आणि डिलिव्हरी वरच्यासारखीच)

आता हिशोब करू. समजा माल, गॅस, मदतनीस बाई, डबे सगळं जाऊन शंभरातले ३० रुपये हातात राहतात. ₹७०० ची ऑर्डर आली तर एरवी २१० सुटतात, २०% च्या कोडवर त्यातले १४० गेले, उरले ७०. एवढ्यासाठी अर्धा दिवस चकल्या पाडायच्या का, हा विचार ऑफर टाकायच्या आधी करायचा, नंतर नाही. रुपयांच्या कोडमध्ये ही ऑर्डर बसतच नाही, कारण ₹१००० ची अट आहे. ₹१००० ला टक्क्यांत २०० जातात आणि १०० उरतात, रुपयांत १५० जातात आणि १५० उरतात. ₹१५०० ला फरक आणखी मोठा, एरवीच्या ४५० मधून एकीकडे ३०० जाऊन १५० उरतात आणि दुसरीकडे १५० जाऊन ३०० उरतात, म्हणजे बरोब्बर दुप्पट.

पण गिऱ्हाईकाच्या बाजूनेही बघा ना. ₹१००० ची अट बाजूला ठेवली तर ₹७५० वर दोन्ही सूट सारखीच होते, त्याच्या खाली १५० रुपये २०% पेक्षा जास्त आणि त्याच्या वर २०% जास्त, पण अट असल्यामुळे छोट्या ऑर्डरला ते १५० मिळतच नाहीत. म्हणून जिची नेहमीची ऑर्डर पाव किलो शेव, अर्धा किलो चिवडा अशी चारपाचशेची असते तिच्या गिऱ्हाईकाला ₹१००० ची अट बघूनच नको वाटतं, तिथे टक्के बरे, फक्त २० ऐवजी १० ठेवा. जिची ऑर्डर आठनऊशेला येऊन अडकते तिने मात्र डोळे झाकून रुपये घ्यावेत, कारण तिथे लोक स्वतःहून म्हणतात की अजून पाव किलो शंकरपाळे टाका म्हणजे हजार होतील. वहिनीचं असंच झालं, तिची बहुतेक गिऱ्हाइकं ₹८५० च्या आसपास थांबायची.

टक्क्यांची खरी अडचण त्या ‘जास्तीत जास्त ₹३००’ मध्ये आहे. ती मर्यादा न लिहून चालत नाही, सोसायटीतल्या कुणी सगळ्यांची मिळून ₹३००० ची ऑर्डर दिली तर ६०० रुपये सुटीतच जातील. पण मर्यादा लिहिली की ₹३००० वर ३०० म्हणजे सूट १०% च झाली, आणि ज्या माणसाने वरचं २०% वाचून मनात हिशोब केला होता त्याला बिल बघून फसवल्यासारखं वाटतं. त्याचं चुकत नाही. म्हणून मर्यादा टक्क्यांना लागूनच लिहायची, सात ओळी खाली नाही. जाहिरातींबद्दलच्या २०२२ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांतही हेच आहे, की दाव्याबरोबरची अट त्याच भाषेत आणि त्याच फॉन्टमध्ये हवी. वर मराठीत मोठं २०% आणि खाली बारीक इंग्रजीत अटी लागू, हे करूच नका.

रुपयांच्या कोडची अडचण वेगळी आहे आणि ती पहिल्या वर्षी आमच्या लक्षातच आली नव्हती. एका ओळखीच्या काकूंनी ₹३००० चा फराळ तीन वेगळ्या ऑर्डरी करून मागवला, प्रत्येकीवर १५०, एकूण ४५० कमी. आम्ही लिहिलं होतं ‘एका ऑर्डरला एकदाच’, म्हणजे त्यांनी काहीच चुकीचं केलं नाही, शब्द आमचेच ढिले होते. तेव्हापासून ‘एका मोबाईल नंबरला एकदाच’ लिहितो. एका शब्दाचा फरक, पण त्यावर ३०० रुपये अवलंबून होते.

तारखेबद्दल मी जरा हट्टी आहे. ‘फक्त ३ दिवस’ हे शब्द कॅप्शनमध्ये लिहायचेच नाहीत, दोन्ही प्रकारांत नाही. एका वर्षी आम्ही तेच लिहिलं, कुणीतरी फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर फॉरवर्ड केला, तिथून तो आणखी कुठे गेला आणि दहाव्या दिवशी एक ताई कोड घेऊन आल्या, त्यांच्या दृष्टीने तीन दिवस कालपासून सुरू झाले होते. फॉरवर्ड होताना कॅप्शन मागे राहतं आणि फोटो पुढे जातो, म्हणून वार, तारीख, वर्ष आणि वेळ फोटोवरही लिहायची, कोडच्या अगदी खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. आणि ‘रविवारी रात्री १२ पर्यंत’ असंही नको, अर्ध्या लोकांना ते शनिवारची रात्र संपते ते १२ वाटतात आणि अर्ध्यांना रविवारची. रात्री १० लिहिलं की गोंधळ नाही, शिवाय तेव्हा तुम्ही जाग्या असता, कुणाचा कोड अडला तर उत्तर देता येतं. आमच्याकडे न्यू जर्सीतून एक मुलगी आईबाबांसाठी डोंबिवलीत फराळ मागवते, तिच्यासारखे कुणी असतील तर ‘भारतीय वेळ’ हे दोन शब्द जोडा, आपले रात्रीचे १० म्हणजे ऑक्टोबरात तिच्याकडे दुपारचे साडेबारा.

अजून एक, तारीख नेमकी कशाची? ऑर्डर टाकायची की पैसे भरायची? कुणी २५ ला रात्री पावणेदहाला मेसेज करतं आणि अर्धे पैसे २७ ला भरतं, तोवर भाजणीचा अंदाज चुकलेला असतो. माझ्या मते मेसेजची वेळ धरावी कारण ती दोघांच्याही फोनवर दिसते, आणि पैशांसाठी दुसऱ्या दिवशी दुपारी १२ पर्यंत मुदत द्यावी, पण हे कॅप्शनमध्ये लिहून. वरच्या कॅप्शनमध्ये मी ते घातलं नाहीये, तुमच्याकडे आगाऊ रक्कम घेत असाल तर ती एक ओळ नक्की वाढवा.

वापरायच्या रीतीत दोन्ही कोड सारखेच, फक्त एक लक्षात घ्या, इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये लिंक टाकली तरी ती टॅप होत नाही, नुसती अक्षरं दिसतात. लिंक बायोत टाका किंवा स्टोरीत लिंकचं स्टिकर लावा. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर आणि मेसेजमध्ये मात्र लिंक चालते. लिंक अशी बनवायची, X च्या जागी तुमचा दहा आकडी नंबर, आधी ९१, मध्ये प्लसचं चिन्ह किंवा मोकळी जागा नाही:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=FARAL150
```

हिच्यावर टॅप केलं की चॅट उघडतं आणि कोड टाइप केलेलाच असतो, त्यामुळे FARAL मध्ये एक L की दोन, हा प्रश्नच मिटतो. वेबसाईट असेल तर लिहा की कोडचा चौकोन पैसे भरायच्या पानावर आहे आणि कोड टाकून Apply दाबल्यावर रक्कम कमी झालेली बघूनच पुढे जा, कारण बरेच लोक कोड टाकतात पण ते बटण दाबत नाहीत आणि मग सूट मिळाली नाही म्हणून फोन करतात. शून्य असलेला कोड हाताने टाइप करताना शून्याच्या जागी O पडतो, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर लोकांना लिंकच वापरायला सांगा. आणि इन्स्टाग्रामवर फीडमध्ये सुरुवातीच्याच ओळी दिसतात, बाकीचं `more` च्या मागे जातं, म्हणून सूट, कोड आणि शेवटची तारीख पहिल्या दोन ओळींत बसवा, शुभेच्छा आणि दिव्यांची चित्रं त्यानंतर.

ऑफर चांगली चालली की मुदत वाढवायचा मोह होतो, आज शेवटचा दिवस म्हणून परत उद्या तेच. खोटी घाई दाखवणं हे नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ऑनलाइन गिऱ्हाईकाला फसवणाऱ्या युक्त्यांबद्दलच्या, सरकारी नियमांत नाव घेऊन मना केलेलं आहे, आणि ज्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवून धावपळ करून वेळेत ऑर्डर दिली त्यांना काय वाटेल? वाढवायचीच असेल तर नवीन कोड, नवीन तारीख, नवीन फोटो.

वहिनीसाठी यंदा मी FARAL150 च लिहिणार आहे. तुमची ऑर्डर छोटी असेल तर FARAL10 करा, १०%, जास्तीत जास्त ₹१५०, बाकी सगळं FARAL20 सारखंच. २५ ला रात्री १० वाजून गेले की इन्स्टाग्रामचं कॅप्शन एडिट करून पहिल्याच ओळीत ‘ऑफर संपली’ लिहा, बायोतली लिंक बदलून साधी ऑर्डरची करा, स्टेटस काढून टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांनंतर एडिट होत नाही, तो फिरतच राहणार, म्हणून त्याच्यासाठी एक उत्तर आधीच लिहून ठेवा: ‘हा कोड २५ ऑक्टोबरला रात्री १० ला बंद झाला, फराळ नेहमीच्या दराने ३० ऑक्टोबरपर्यंत घेतोय, यादी पाठवू का?’